गडद तपकिरी डोळे मधाळ-हिरवट करायचे, पण कॅचलाइट, बुबुळाची वीण आणि कडा जशाच्या तशा ठेवायच्या

प्रश्न: गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळी प्री-वेडिंग शूट केलंय. 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, 85 ची लेन्स, रॉ फाइल आहे. मुलीचे डोळे गडद तपकिरी आहेत, तिला अल्बमच्या एका क्लोजअपमध्ये हेझल हवेत. Color मोडमध्ये हिरवा भरला तर काही दिसतच नाही, Normal मध्ये भरला तर डोळ्यात टिकली चिकटवल्यासारखी दिसते, चमकही जाते. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुम्ही रंग आधी भरताय आणि उजळपणाचा विचारच राहून गेलाय. ऑनलाइन दिसणारे बहुतेक धडे निळ्या किंवा राखाडी डोळ्यांवर केलेले असतात. तिथे बुबुळ मुळातच उजळ असतं, म्हणून Hue ची पट्टी सरकवली की काम होतं. आपल्याकडच्या गडद डोळ्यांना ती वाट लागू पडत नाही.

कारण आकड्यांत बघा. संध्याकाळच्या उजेडात अशा बुबुळाच्या मध्यावर आयड्रॉपर ठेवला तर साधारण लाल 45, हिरवा 28, निळा 20 अशी किंमत मिळते. Color मोड वरच्या लेयरची रंगछटा आणि रंगाची तीव्रता घेतो, पण उजळपणा खालच्या फोटोचाच ठेवतो. हा उजळपणा म्हणजे लालच्या 30 टक्के, हिरव्याच्या 59 टक्के आणि निळ्याच्या 11 टक्के यांची बेरीज. इथे ती 32 च्या आसपास येते. 255 पैकी 32 म्हणजे जवळजवळ काळं. त्यावर कुठलाही रंग टाका, डोळ्याला काळाच दिसणार. नैसर्गिक हेझल बुबुळ अशा उजेडात 75 ते 90 च्या घरात असतं. म्हणजे खरं काम 32 ला 75-80 पर्यंत नेण्याचं आहे, आणि तेही बाहुली, पापण्यांचे केस, बुबुळाची काळसर कड आणि कॅचलाइट यांना हात न लावता. रंग त्यानंतर दोन मिनिटांत बसतो.

उजळ करायला थेट Curves लावू नका. 32 चे 78 करायचे आणि बाहुली 10-12 वरच ठेवायची, तर मधल्या टप्प्यात कर्व्ह जवळपास तिप्पट चढी होते. चढ तिप्पट झाला की त्या सावलीतला नॉइजही तिप्पट होतो, आणि बुबुळात वीण दिसायच्या ऐवजी रवा पसरल्यासारखं दिसतं. तुमच्याकडे रॉ आहे, तर उजेड तिथूनच काढा. फाइल 16 बिटमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून फोटोशॉपमध्ये उघडा. लेयरवर राइट क्लिक करून New Smart Object via Copy निवडा. इथे Ctrl+J दाबलंत तर दोन्ही लेयर एकाच फाइलला बांधलेले राहतात आणि एकात केलेला बदल दुसऱ्यातही जातो. या एका गोष्टीवर बरेच जण अडतात. मग वरच्या प्रतीच्या थंबनेलवर डबल क्लिक करून कॅमेरा रॉमध्ये Exposure +1.50 करा, Texture +15 ते +20 आणि नॉइज रिडक्शनमध्ये Luminance 15 च्या आसपास ठेवा. Clarity ला हात लावू नका. ती बुबुळाच्या कडेला प्रभावळ आणते. दीड स्टॉपने 32 चे साधारण 55 ते 60 होतात. संपूर्ण चेहरा भगभगीत दिसेल, पण आपल्याला त्यातलं फक्त बुबुळ घ्यायचंय.

आता मास्क, म्हणजे टिकली चिकटवल्यासारखं का दिसतं त्याचं उत्तर. बुबुळाला दोन वेगळ्या स्वभावाच्या कडा असतात आणि आपण दोन्हींना एकच फेदर देतो. बाजूची आणि खालची कड बुबुळ आणि पांढऱ्या भागाच्या सांध्यावर असते. तिथे पांढरा भाग हळूहळू पारदर्शक होत जातो, म्हणून ती कड मऊ असते आणि साधारण मिलिमीटरभर पसरते. वरची कड मात्र बुबुळाची नसतेच, ती पापणीची असते. पापणी पुढे आणि बुबुळ मागे असल्यामुळे ती रेषा बरीच स्पष्ट दिसते. दोन्हींना मऊ फेदर दिला तर पापणीच्या काठावर हिरवट छटा चढते. दोन्हींना कडक दिला तर टिकली दिसते.

म्हणून दोन ग्रुप करा, एकात एक. उजळ केलेली प्रत आतल्या ग्रुपमध्ये टाका. आतल्या ग्रुपच्या मास्कवर फक्त बुबुळाचा पूर्ण गोल काढा, जणू पापणी नाहीच. बाहेरच्या ग्रुपच्या मास्कवर उघड्या डोळ्याचा आकार काढा, तो पेन टूलने सगळ्यात चांगला येतो. आतल्या मास्कला जास्त फेदर, बाहेरच्याला कमी. Properties मध्ये Feather ची पट्टी दोन्हींना वेगवेगळी मिळते आणि नंतर कधीही बदलता येते, हा यातला मोठा फायदा.

फेदर किती, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. दिसणारं बुबुळ मोठ्या माणसात आडवं सुमारे 12 मिलिमीटर असतं, माणसागणिक त्यात फार फरक पडत नाही. रुलर टूलने तुमच्या फोटोत बुबुळाची रुंदी मोजा. समजा 180 पिक्सेल आली. मग 15 पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. त्या मिलिमीटरभर सांध्यासाठी आतल्या मास्कला 6 ते 7 पिक्सेल फेदर पुरतो, कारण उतार त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. पापणीच्या मास्कला 1.5 ते 2. दुसऱ्या फोटोत बुबुळ 90 पिक्सेलचं असेल तर सगळे आकडे निम्मे करा.

गोल बुबुळाच्या काठापर्यंत नेऊ नका. 180 पिक्सेलच्या बुबुळासाठी मास्कचा गोल साधारण 168 चा ठेवा, म्हणजे सगळीकडून 6 पिक्सेल आत. बुबुळाच्या परिघावर जी गडद कड असते ती मूळ फोटोतलीच राहिली पाहिजे. तीच डोळ्याला पांढऱ्या भागात बसवते. ती उजळली की डोळा तरंगायला लागतो. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की. चेहरा थोडा वळलेला असेल तर गोल हा गोल नसतो, उभा लंबगोल होतो. Select मेनूतलं Transform Selection वापरून तो आधी बसवून घ्या आणि मगच मास्क भरा.

बाहुलीला वेगळा मास्क लागतो, कारण दीड स्टॉपने तीही 10 वरून 23 च्या आसपास जाते आणि राखाडी दिसते. मोतीबिंदूची आठवण करून देणारा डोळा होतो तो यामुळेच. गडद डोळ्यात बाहुली कुठे संपते हे स्क्रीनवर दिसतच नाही. त्यासाठी सगळ्यांत वर एक तात्पुरती Curves लेयर टाका आणि सावल्या वाटेल तेवढ्या वर ओढा. बाहुलीचा गोल लगेच उमटेल. तो बुबुळाच्या बरोबर मध्यभागी नसतो, किंचित नाकाकडे सरकलेला असतो. डोळे मिटून मध्यावर गोल काढला तर नजर तिरकी वाटते. उजळ प्रतीच्या स्वतःच्या मास्कवर तेवढा भाग काळ्या ब्रशने रंगवा, ब्रशची Hardness 60-70 टक्के. मग तात्पुरती लेयर काढून टाका.

आता कॅचलाइट. ती हाताने मास्क करत बसू नका, कारण तिची कड तुम्ही कितीही जपून काढली तरी मूळसारखी येत नाही. शिवाय बॅकवॉटरच्या काठावर डोळ्यात फक्त एक ठिपका नसतो. वरच्या अर्ध्यात आकाशाचा फिकट पडदा असतो, त्यात पापण्यांच्या केसांच्या रेघा दिसतात, आणि खालच्या बाजूला पाण्याचा उजेड असतो. हे सगळं प्रतिबिंब डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचं आहे, बुबुळाच्या वरचं. बुबुळाचा रंग बदलला म्हणून त्याचा रंग बदलत नाही. म्हणूनच कॅचलाइट हिरवी झाली की फोटो खोटा वाटतो.

ती वाचवायला Blend If वापरा, पण Gray वर नव्हे, Blue वर. तपकिरी बुबुळ निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात काळं असतं, मघाचे आकडे आठवा: लाल 45 पण निळा फक्त 20. उलट आकाशाचं प्रतिबिंब निळ्यात सगळ्यात उजळ असतं, मुख्य कॅचलाइट 220 च्या वर आणि फिकट पडदा 60 ते 110. म्हणजे बुबुळ आणि प्रतिबिंब यांच्यातली फट निळ्या चॅनलमध्ये सर्वांत रुंद आहे. सूर्य त्र्यंबकच्या डोंगरांकडे टेकल्यावर कॅचलाइट पिवळसर होते, निळा थोडा घसरतो, तरी बुबुळाच्या कितीतरी वर राहतो. उजळ प्रतीच्या थंबनेलवर डबल क्लिक न करता (त्याने पुन्हा कॅमेरा रॉ उघडेल) लेयरच्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक करा, Layer Style उघडेल. Blend If मध्ये Blue निवडा, Underlying Layer च्या उजव्या टोकाचा पांढरा त्रिकोण Alt दाबून फोडा आणि अर्धे 60 आणि 140 वर ठेवा. 60 खाली उजळ प्रत पूर्ण लागते, 140 वर मूळ फोटोच दिसतो, आणि मधला पडदा हळूहळू मिसळतो. त्रिकोण न फोडता सरकवला तर कॅचलाइटभोवती कुरतडल्यासारखी कड येते.

तिथेच Blend If पुन्हा Gray वर न्या आणि डाव्या बाजूचा काळा त्रिकोण फोडून 10 आणि 22 वर ठेवा. दोन्ही चॅनलच्या सेटिंग एकत्र लागू होतात. याने बुबुळावरून जाणारे पापण्यांचे केस आणि काजळाची रेघ काळीच राहतात, आणि बुबुळातल्या खोल रेषाही थोड्या गडद राहून वीण उठून दिसते. फोटोत नॉइज जास्त असेल तर मात्र याने बुबुळावर चट्टे पडतात. तसं दिसलं तर 22 चे 16 करा.

इथवर आलात की बुबुळ 57 च्या आसपास आणि रंग अजून तपकिरीच असेल. त्यावर आतल्याच ग्रुपमध्ये एक Curves टाका: 20 ला 20, 57 ला 76, 130 ला 145. चढ आता दीडपटीचाच आहे, म्हणून नॉइज आवाक्यात राहतो. बाहुलीचा मास्क या लेयरवरही हवा. Alt दाबून मास्क ओढला की त्याची प्रत होते.

मग रंग. हेझल हा एक रंग नाही, आणि म्हणूनच सपाट हिरवा भरून तो कधीच साधत नाही. नाशिकच्या माणसाला बेदाणा सांगितला की कळेल: उजेडात धरला की मध्ये मधासारखा तपकिरी-सोनेरी, कडेला हिरवट. हेझल बुबुळ तसंच असतं. बाहुलीभोवती बुबुळाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत सोनेरी-तपकिरी कडं असतं, आणि त्याची बाहेरची हद्द वेडीवाकडी, करवतीसारखी असते. त्यापलीकडे हिरवट भाग.

Solid Color ऐवजी Hue/Saturation घ्या आणि Colorize ची खूण करू नका. Colorize प्रत्येक पिक्सेलला एकच रंगछटा देतं आणि तपकिरीतल्या लहानमोठ्या छटा पुसून टाकतं. नुसतं Hue सरकवलं तर सगळ्या छटा एकमेकींतलं अंतर राखून सरकतात, आणि बुबुळाची जिवंतपणाची खूण तीच आहे. मूळ तपकिरीची छटा साधारण 20 अंशांवर असते. पहिल्या Hue/Saturation मध्ये Hue +14 द्या, पूर्ण बुबुळ 34 अंशांवर, मधाळ होईल. दुसऱ्या लेयरमध्ये Hue आणखी +20 आणि Saturation −20, आणि तिच्या मास्कवर फक्त बाहेरचं कडं पांढरं ठेवा. हे कडं 54 अंशांवर येतं. कागदावर ही मातकट पिवळी छटा आहे, पण सोनेरी-तपकिरी रंगाशेजारी आणि कमी तीव्रतेत डोळ्याला ती हिरवीच दिसते. खरा हिरवा द्यायला 90-100 अंशांवर गेलात की कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याचा भास होतो. दोन रंगांची हद्द 4-5 पिक्सेलच्या ब्रशने आत-बाहेर रेघा ओढून मोडा, त्या रेघा बाहुलीपासून बाहेर किरणांसारख्या जाऊ द्या.

या दोन्ही लेयरनाही Blue चं Blend If लागेल, पण आकडे वेगळे. त्यांच्या खालचा फोटो आता उजळलेला आहे, म्हणून 60/140 ठेवलंत तर बुबुळाचे उजळ भाग रंगाविना राहतील. 90 आणि 170 ठेवा.

आता ग्रुपचा डोळा बंद-चालू करून बघा. रंग बरोबर, कडा बरोबर, तरी बुबुळ सपाट वाटेल, कारण उजळवताना वरच्या पापणीची सावली पातळ झाली. ती परत द्यावी लागते. आणखी एक Curves, मधला भाग खाली ओढलेला, मास्कवर वरून खाली ग्रेडियंट, वरच्या तिसऱ्या हिश्शापुरता. आणि एक गोष्ट बहुतेक जण सोडतात: डोळ्याच्या पुढच्या पडद्यातून शिरणारा उजेड वळून कॅचलाइटच्या समोरच्या बाजूला बुबुळावर पडतो. कॅचलाइट दहाच्या काट्यावर असेल तर बुबुळ चारच्या काट्यावर सर्वांत उजळ असतं. मूळ फोटोत ती चंद्रकोर असतेच, फक्त गडद रंगात दिसत नाही. ती जिथे आहे तिथेच मऊ ब्रशने थोडी उजळा. दोन्ही डोळ्यांत सारखी चंद्रकोर काढू नका. नाकाच्या सावलीतल्या डोळ्याला ती अगदी कमी मिळते, आणि त्या डोळ्याच्या अख्ख्या ग्रुपची Opacity ही 75-80 टक्क्यांवर आणावी लागते.

विणीबद्दल एक सांगतो. गडद बुबुळात रंगद्रव्य जास्त असतं आणि त्याखाली तंतू झाकलेले असतात. म्हणून निळ्या डोळ्यातले पांढरट तंतू तुमच्या फोटोत निघणार नाहीत, कारण ते कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलेच नाहीत. जे निघतं ते म्हणजे बाहुलीभोवतीचं कडं, काही खोल रेषा आणि रंगाचे डाग. तेवढं पुरतं. वेगळ्या डोळ्याचं बुबुळ आणून डकवण्याचा मी सल्ला देणार नाही. त्याचा फोकस, उजेडाची दिशा आणि बाहुलीचा आकार जुळत नाही, आणि दोन्ही डोळ्यांत तेच डाग दिसले की पकडलं जातं. हवं तर 50 टक्के राखाडीची Soft Light लेयर घेऊन, 2 पिक्सेलच्या ब्रशने, आहेत त्याच रेषा किंचित उजळा. एका डोळ्याला दहा-बारा रेघांच्या पुढे जाऊ नका.

तपासताना सगळ्यांत वर काळ्या रंगाची Solid Color लेयर Color मोडमध्ये टाका, फोटो राखाडी होईल. आता बुबुळाची किंमत आणि त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागाची किंमत बघा. पांढरा भाग 165 असेल तर बुबुळ 80 च्या वर जाऊ देऊ नका. निम्म्याच्या वर गेलं की डोळे चमकायला लागतात, आणि तिच्या केसांच्या व भुवयांच्या गडद रंगाशी त्यांचं जमत नाही. ही माझी स्वतःची मर्यादा आहे, नियम नव्हे. मग 200 टक्क्यांवर कडा बघा: पांढऱ्या भागात पिवळसर छटा उतरली असेल तर आतला गोल मोठा झालाय, पापणीच्या कडेवर उतरली असेल तर बाहेरच्या मास्कचा फेदर जास्त आहे. त्यानंतर 25 टक्क्यांवर जाऊन पूर्ण चेहरा बघा. तिथे आधी रंग न दिसता नजर दिसली पाहिजे.

अल्बम छापायला देण्याआधी दोन गोष्टी. एक, छपाईत सावल्या स्क्रीनपेक्षा जड येतात, म्हणून लॅबकडून त्या एका पानाचा छोटा टेस्ट प्रिंट घ्या. बुबुळ परत तपकिरी दिसलं तर Saturation वाढवू नका, Curves मधला 76 चा बिंदू 82-84 करा. दुसरं, समोरच्या पानावर तिचाच दुसरा क्लोजअप मूळ गडद डोळ्यांचा असेल तर फरक लगेच कळतो. एकतर तोही करा किंवा पानं लांब ठेवा.

कधी रॉ नसेल आणि फक्त जेपेग असेल, तर हीच पद्धत वापरा पण 32 चे 50-55 च्या पुढे नेऊ नका. जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा उजळपणापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते आणि सगळा फोटो 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेला असतो. सावल्या जास्त ओढल्या की ते चौकोन बुबुळात दिसतात. 55 वर हेझल होत नाही, मधाळ तपकिरी होतो. तेवढाच द्यावा, आणि मुलीला तसं आधी सांगावं. निळे डोळे मागितले तर रॉ असली तरी नाही म्हणा: त्यासाठी बुबुळ 120 च्या वर न्यावं लागतं, आणि तिथे मूळ फोटोतली वीण उरत नाही, फक्त आपण रंगवलेलं उरतं.